बँकॉकच्या टॅक्सीवाल्याला थाई लिपीत पत्ता कसा दाखवायचा: खान्देशातून निघणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

टूर कंपनीसोबत न जाता आपलं आपण तिकीट काढून बँकॉकला जाणारे आमच्या ओळखीत बरेच झाले आहेत. कोणी जळगावचं, कोणी शिरपूरचं, कोणी शहाद्याचं. निघायच्या दोन-चार दिवस आधी त्यांचा फोन येतो आणि विमान, हॉटेल, चलन सगळं बोलून झालं की शेवटी एकच काळजी उरते: टॅक्सीवाल्याला सांगायचं कसं? प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

बुकिंगच्या कागदावर इंग्रजीत पत्ता आहे. तो का चालत नाही?

कधी चालतो, कधी नाही. बँकॉकचे बरेच टॅक्सीवाले ईशान्येकडच्या इसान भागातून पोटापाण्यासाठी शहरात आलेले आहेत. आपल्याकडची माणसं सुरतेला जातात तसंच. त्यांना थाई झरझर वाचता येतं, पण रोमन अक्षरं जुळवत जुळवत वाचावी लागतात, आणि तीही रात्री, गाडीच्या मिणमिणत्या दिव्यात.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. थाई नावं रोमन अक्षरांत लिहायची सरकारी पद्धत आहे, पण ती सगळे पाळत नाहीत. एकच भाग `Khlong Toei`, `Klong Toey` आणि `Klongtoey` असा तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. रोजच्या ओळखीचं ठिकाणही त्या वेशात ड्रायव्हरला परकं वाटतं. `Jalgaon` हे नाव आपण ओळखतो ते जळगाव आधीपासून माहीत असतं म्हणून. ज्याला माहीत नाही, तो ते जलगाओन असं वाचेल. थाई लिपीत लिहिलेलं नाव मात्र एकाच तऱ्हेने लिहिलं जातं आणि एकाच तऱ्हेने वाचलं जातं.

तुम्हाला हे कधी कळलं?

पहिल्याच रात्री. आई, अप्पा आणि मी. जळगावहून रेल्वेने मुंबई, तिथून विमान, उतरलो तेव्हा अंधार पडलेला. हॉटेल सुखुमवित रस्त्याच्या 22 नंबरच्या गल्लीत होतं. गल्लीला थाईत सोय म्हणतात. मी ड्रायव्हरला फोनमधला बुकिंगचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन हातभर लांब धरला आणि अक्षरं मोठी करायला अंगठा फिरवला. फोटो मोठा झालाच नाही, सरकला. पुढचा फोटो आमच्या रावेरच्या मामांच्या मळ्यातल्या केळीच्या घडाचा होता. त्यांनी तो घड पाहिला, माझ्याकडे पाहिलं, फोन परत दिला आणि मान हलवली. मला वाटलं, समजलं त्यांना. वर मी तोंडाने "सोय ट्वेंटी टू" असंही म्हणालो.

गाडी थांबली ती 12 नंबरच्या गल्लीत. 22 ला थाईत यी-सिप-सोंग म्हणतात आणि 12 ला सिप-सोंग. माझ्या इंग्रजी आकड्यातून त्यांनी काय पकडलं देव जाणे, पण आम्ही किलोमीटरभर अलीकडे उतरायच्या बेतात होतो. मागून अप्पा म्हणाले, "आपन कोठे उनूत भाऊ?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग बुकिंगवर हॉटेलचा फोन नंबर दिसला. तो ड्रायव्हरला दाखवला, त्यांनी लावला, रिसेप्शनवरच्या मुलीशी अर्धा मिनिट बोलले आणि पाच मिनिटांत आम्ही दारात होतो. त्यांची यात काहीच चूक नव्हती. मी त्यांना वाचता येईल असं काही दिलंच नव्हतं.

थाई पत्ता वाचता येत नाही. त्यात काय काय असतं हे कसं ओळखायचं?

लिपी शिकायची गरज नाही. चार शब्दांचे आकार डोळ्यांत बसले की पुरतं.

ถนน म्हणजे थनोन, मोठा रस्ता. पुष्कळदा नुसतं ถ. असं लिहितात. ซอย म्हणजे सोय, त्या रस्त्याला फुटलेली गल्ली. हिचं छोटं रूप ซ. असतं. แขวง म्हणजे ख्वेंग, आपल्या वॉर्डासारखा छोटा भाग, आणि เขต म्हणजे खेत, त्याहून मोठा विभाग. हा शेवटचा शब्द मुळात आपला 'क्षेत्र'च आहे, त्यामुळे तो लक्षात ठेवायला सोपा जातो. पत्त्याच्या शेवटी शहराचं नाव येतं, กรุงเทพฯ, म्हणजे क्रुंगथेप. यातला 'थेप' म्हणजे आपला 'देव'. तिथली माणसं आपल्या शहराला बँकॉक म्हणत नाहीत हे आधी माहीत असलेलं बरं. त्यानंतर पाच आकडी पिन.

आपल्याकडे "एस.टी. स्टँडच्या मागे, मारुतीच्या पाराजवळ" एवढ्यावर घर सापडतं. बँकॉकमध्ये सगळा भार रस्ता आणि गल्लीचा नंबर या जोडीवर असतो. नुसतं "सोय 22" म्हणून भागत नाही, कारण नंबरच्या गल्ल्या कितीतरी रस्त्यांना आहेत. रस्त्याचं नाव आणि नंबर एकत्र हवेत: ซอยสุขุมวิท 22.

गल्ल्यांचे नंबर ओळीने असतात ना? चुकलं तर एक-दोन गल्ल्या चालत जाऊ.

इथे भले भले फसतात. सुखुमवितवर विषम नंबरच्या गल्ल्या रस्त्याच्या एका बाजूला आहेत आणि सम नंबरच्या दुसऱ्या. दोन्ही बाजूंना गल्ल्या सारख्या अंतरावर फुटत नाहीत, म्हणून नंबर समोरासमोर जुळत नाहीत. 55 नंबरची गल्ली, जिला थोंगलो म्हणतात, तिच्या समोर 38 नंबर येतो. 63 च्या, म्हणजे एक्कमाईच्या, समोर 42. तेव्हा 23 ला उतरलो तर 22 समोरच असेल असं धरून बॅगा ओढत निघू नका. रस्ता रुंद आहे, वर मेट्रोचा पूल आहे आणि गाडीला वळायची जागा लांब असते. नंबर तंतोतंत जुळला तरच उतरा.

थाई लिपीतला पत्ता मिळवायचा कुठून?

सगळ्यात खात्रीचा माणूस म्हणजे हॉटेलवाला स्वतः. बुकिंग झालं की त्यांना दोन ओळींचा मेसेज करा: टॅक्सीवाल्याला दाखवायला थाई लिपीत नाव, पत्ता आणि फोन नंबर पाठवा. त्यांना ही मागणी नवीन नसते. काही हॉटेलं एका बाजूला थाई पत्ता आणि छोटा नकाशा छापलेलं तयार कार्डच पाठवतात.

ते जमलं नाही तर नकाशा. गूगल मॅप्समध्ये हॉटेल उघडलं की पुष्कळदा इंग्रजी नावाखाली थाई नावही दिसतं. पण पूर्ण पत्ता थाईत हवा असेल तर कॉम्प्युटरवर किंवा मोबाइलच्या ब्राउझरवर ही लिंक उघडा:

```
https://www.google.com/maps?hl=th
```

शेवटचं `hl=th` म्हणजे पान थाई भाषेत दाखव. तिथे हॉटेलचं नाव इंग्रजीतच टाकून शोधा. खाली पत्ता थाईत येतो, तो कॉपी करा. बटणंही थाईत दिसतील, त्याने गोंधळू नका. बटणांची चित्रं नेहमीचीच असतात आणि जागाही तीच.

मी इंग्रजी पत्ता भाषांतराच्या ॲपमध्ये टाकला तर?

पत्त्यासाठी हे करू नका. भाषांतराचं ॲप अर्थ लावतं आणि पत्त्याला अर्थ नको असतो, नाव हवं असतं.

एक उदाहरण घेऊ. समजा तुमच्या हॉटेलच्या नावात `Royal Garden` हे शब्द आहेत. हॉटेलच्या पाटीवर ते थाई अक्षरांत 'रॉयल गार्डन' असेच लिहिलेले असणार. ॲपने मात्र त्यांचा अर्थ लावला तर ते สวนหลวง करेल, म्हणजे सुआन लुआंग, राजाची बाग. आणि सुआन लुआंग हा बँकॉकचा एक खराखुरा विभाग आहे, सुखुमवितच्या मध्यवर्ती भागापासून चांगलाच पूर्वेला. ड्रायव्हर तुम्हाला अगदी प्रामाणिकपणे तिकडे नेईल, कारण तुम्ही तेच दाखवलं आहे.

"इथे जायचं आहे", "हॉटेलला फोन करून विचाराल का" अशा साध्या वाक्यांसाठी ॲप उत्तम. त्यासाठी थाई भाषा घरच्या वायफायवर आधीच डाउनलोड करून ठेवा. विमानतळाबाहेर उभं राहून इंटरनेट मिळण्याची वाट बघायची वेळ येऊ नये.

मिळालेला पत्ता बरोबर आहे हे वाचता न येता कसं तपासू?

उलटा रस्ता धरा. कॉपी केलेला थाई मजकूर जसाच्या तसा नकाशाच्या शोधपट्टीत टाका. खूण तुमच्या हॉटेलवर पडली तर पत्ता बरोबर. भलतीकडे पडली, किंवा नकाशाने चार-पाच पर्याय पुढे केले, तर काहीतरी सुटलं आहे. बहुतेक वेळा सोयच्या आधीचं रस्त्याचं नाव सुटलेलं असतं.

मग आकडे जुळवा. पत्त्यातले आकडे सहसा आपल्या ओळखीचे इंग्रजीच असतात, म्हणून इमारतीचा नंबर, सोयचा नंबर आणि पिन हे तिन्ही इंग्रजी पत्त्याशी ताडून पाहता येतात. इमारतीच्या नंबरात तिरकी रेघ असेल, जसं 12/3, तर ती तशीच ठेवा. मूळ प्लॉटचे तुकडे पडले की असा नंबर येतो आणि 12/3 म्हणजे 12 नव्हे.

तिसरी तपासणी मी हल्ली नेहमी करतो. एकाच नावाच्या हॉटेलांच्या एकाच शहरात अनेक शाखा असतात. नाव जुळलं म्हणून खूश होऊ नका, सोय जुळली का ते बघा.

मग टॅक्सीवाल्याला दाखवायची चिठ्ठी नेमकी कशी दिसावी?

आमच्या दुसऱ्या दिवसापासूनच्या चिठ्ठीचा साचा खाली देतो. गोलाच्या जागी तुमच्या हॉटेलचा तपशील भरा. सोय, विभाग आणि पिनही तुमचेच टाका. इथले 22 नंबरच्या गल्लीचे आहेत.

```
กรุณาไปที่
โรงแรม ○○○
เลขที่ ○○
ซอยสุขุมวิท 22
แขวงคลองตัน เขตคลองเตย
กรุงเทพฯ 10110
ใกล้บีทีเอส พร้อมพงษ์
โทร. 02-○○○-○○○○
```

पहिली ओळ म्हणजे "कृपया इथे चला". दुसरीत हॉटेल, तिसरीत इमारतीचा नंबर, चौथीत रस्ता आणि गल्ली, मग विभाग, मग शहर आणि पिन. शेवटून दुसरी ओळ आहे जवळच्या मेट्रो स्टेशनची, फ्रोम फोंगची. शेवटी फोन.

ओळी हाताने तोडायला विसरू नका. थाईत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, सगळं सलग लिहितात. फोनने मजकूर आपल्या मर्जीने मोडला तर नावाचे दोन तुकडे दोन ओळींवर जातात आणि वाचणारा अडखळतो. एका ओळीवर एकच गोष्ट असली की त्याची नजर हव्या तिथे पटकन पोचते. सोयची ओळ सगळ्यांत मोठ्या अक्षरांत करा, कारण गाडी वळते ती त्या ओळीवर.

कागदावर छापणार असाल तर अक्षरांना छोटे गोल असलेला जुन्या वळणाचा थाई फॉन्ट घ्या. नव्या वळणाच्या फॉन्टमध्ये ते गोल काढून टाकलेले असतात आणि काही थाई अक्षरं रोमन अक्षरांसारखी दिसायला लागतात. जाहिरातीत ते शोभतं. पन्नाशीच्या माणसाला गाडीत वाचायला गोलवालं वळण बरं.

फोन नंबर का एवढा महत्त्वाचा?

पत्ता बरोबर असूनही गल्लीच्या तोंडाशी येऊन अडायला होतं. आत कुठलं वळण, कुठला गेट, पार्किंगमधून जायचं की समोरून, हे हॉटेलचा माणूस ड्रायव्हरला त्याच्या भाषेत एका वाक्यात सांगतो. आम्हाला पहिल्या रात्री त्यानेच तारलं.

फक्त नंबर तिथल्या पद्धतीने लिहा. बुकिंगवर तो `+66 2` असा सुरू होतो. थायलंडमधून लावताना `+66` काढून त्या जागी 0 घालायचा, म्हणजे तो 02 ने सुरू होतो. परदेशी वळणाचा नंबर पाहून ड्रायव्हर कचरतो, त्याला वाटतं परदेशात फोन लागेल आणि पैसे कापले जातील. 02 दिसलं की तो ओळखतो, हा बँकॉकचाच नंबर.

फोन दाखवायचा म्हणजे हातात द्यायचा का?

देऊ नका, पुढे धरा. चोरीच्या भीतीने म्हणत नाही. बोट लागून स्क्रीन सरकते, आमच्या केळीच्या घडासारखी. फोटो गॅलरीत असेल तर हे हमखास होतं.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे चिठ्ठीचा स्क्रीनशॉट लॉक स्क्रीनचा वॉलपेपर करून टाका. फोन उघडायलाच नको, बटण दाबलं की पत्ता समोर, आणि बोट लागलं तरी काही सरकत नाही. मजकूर स्क्रीनच्या मधल्या भागात ठेवा, कारण वर घड्याळ असतं आणि खाली मेसेज येऊन बसतात. उजेड पूर्ण वाढवा. फोन आडवा करू नका.

आणि गाडीत बसायच्या आधी दाखवा, बसल्यावर नको. खिडकीशी वाकून "सवादी क्राप" म्हणा (बाईमाणसाने "सवादी खा" म्हणायचं), चिठ्ठी पुढे धरा आणि गप्प राहा. त्यांना वाचू द्या. आपण सोबतीने इंग्रजीत आकडे बोलत राहिलो की त्यांचं लक्ष वाचण्यावरून ऐकण्यावर जातं. माझं पहिल्या रात्री नेमकं हेच चुकलं.

त्यांनी मान हलवली. म्हणजे समजलं ना?

नुसत्या मानेवर जाऊ नका. समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणूनही माणूस मान हलवतो, आपल्याकडेही तसंच आहे. खरंच समजलेला ड्रायव्हर काहीतरी परत देतो: सोयचा नंबर मोठ्याने वाचतो, मेट्रो स्टेशनचं नाव घेतो किंवा स्वतःच्या फोनवर पत्ता टाकतो. यातलं एकही झालं नाही तर फोन नंबरावर बोट ठेवा आणि हे वाक्य दाखवा:

```
ช่วยโทรถามโรงแรมได้ไหม
```

"हॉटेलला फोन करून विचाराल का?" एवढाच त्याचा अर्थ. हे वाक्य मी चिठ्ठीच्या मागच्या स्क्रीनवर ठेवलेलं असतं.

गाडी सुरू झाली की तुमच्या फोनवर नकाशा उघडा ठेवा. बँकॉकचा नकाशा आधीच ऑफलाइन उतरवला असेल तर नेट नसतानाही निळा ठिपका सरकताना दिसतो. ठिपका थोडा लांबून फिरला म्हणून घाबरू नका. वळायच्या जागा लांब आहेत आणि काही रस्ते एकेरी आहेत. पण हॉटेलपासूनचं अंतर कमी व्हायच्या ऐवजी सलग वाढत राहिलं तर गाडी बाजूला घ्यायला लावून चिठ्ठी पुन्हा दाखवा.

वाचून नाही म्हणाले तर? चिठ्ठीत चूक आहे का?

बहुधा नाही. नीट वाचून नकार देणारा माणूस पत्ता समजूनच नकार देत असतो. त्या बाजूला गर्दी असेल, पाऊस असेल किंवा गाडी मालकाला परत करायची वेळ झालेली असेल. पुढची गाडी बघा. काचेमागे लाल दिव्यात ว่าง लिहिलेलं असेल तर गाडी रिकामी आहे. लागोपाठ तीन-चार जणांनी चिठ्ठीवर बोट ठेवून काही विचारलं, तरच मजकुरात खोट आहे असं समजा.

थाई शब्द देवनागरीत लिहून मीच वाचून दाखवले तर?

मोह होतो, कारण कितीतरी नावं आपल्याला आपलीच वाटतात. विमानतळाचं नाव `Suvarnabhumi`, आपण सहज सुवर्णभूमी म्हणतो. ड्रायव्हरच्या कानाला ते अनोळखी लागतं, कारण तिथे त्याचा उच्चार सुवन्नफूम असा होतो. शिवाय थाईत पाच सूर आहेत. तोच अक्षरसमूह सूर बदलला की दुसरा शब्द होतो आणि देवनागरीत सूर लिहायची सोय नाही. नमस्काराला आणि आभाराला तोंड वापरा, पत्त्याला लिपी.

परत विमानतळावर जाताना काय दाखवायचं?

बँकॉकला दोन विमानतळ आहेत आणि दोन वेगळ्या दिशांना आहेत. सुवर्णभूमी पूर्वेला, डॉन मुआंग उत्तरेला. "एअरपोर्ट" एवढंच सांगून बसलात तर अर्ध्या वाटेत गाडी फिरवावी लागेल आणि विमान चुकेल. तिकिटावर `BKK` असेल तर सुवर्णभूमी, `DMK` असेल तर डॉन मुआंग. त्याप्रमाणे यातली एकच ओळ फोनवर ठेवा, दोन्ही नकोत:

```
สนามบินสุวรรณภูมิ ขาออก
สนามบินดอนเมือง ขาออก
```

शेवटचा शब्द ขาออก म्हणजे जाणाऱ्या प्रवाशांचा मजला. डॉन मुआंगला टर्मिनलही दोन आहेत. परदेशी विमानांसाठी อาคาร 1, देशातल्या विमानांसाठी อาคาร 2. घरी येताना तुम्हाला 1 लागेल. तो ओळीच्या शेवटी जोडा.

येतानाचं थोडं. सुवर्णभूमीवर बाहेर पडल्यावर सार्वजनिक टॅक्सीचं यंत्र लागतं. त्यातून चिठ्ठी निघते, तिच्यावर गाडी उभी असलेल्या लेनचा नंबर असतो. ती जपून ठेवा, सामान गाडीत राहिलं तर गाडी शोधायला तीच कामी येते. मीटरच्या भाड्यावर तिथे 50 बात विमानतळाचे द्यावे लागतात आणि एक्स्प्रेसवेचा टोल प्रवाशाचा.

ग्रॅब ॲपवरून गाडी मागवली तर हे सगळं लागतच नाही ना?

पत्ता दाखवायची गरज उरत नाही, आणि ॲपमधल्या चॅटमध्ये मेसेज भाषांतर होऊन जातात. पण खूण चुकीच्या शाखेवर टाकली तर गाडीही तिथेच जाणार. आणि नेट नसेल, कार्ड चाललं नाही, तर पुन्हा रस्त्यावरची टॅक्सी आलीच. चिठ्ठी दोन्ही वेळा जवळ असू द्या.

चेन्नईला किंवा जपानला जायचं असेल तरी हीच रीत?

मुळातली रीत हीच: स्थानिक लिपी, स्थानिक फोन नंबर, नकाशावर उलटी तपासणी. बदलतात त्या खाचाखोचा. चेन्नईत जुन्या भागांतल्या घरांना दोन नंबर असतात, जुना आणि नवा. तमिळमध्ये जुना नंबर பழைய எண் आणि नवा புதிய எண். दोन्ही लिहा, नाहीतर गल्लीत पोचूनही दार सापडत नाही. जपानमध्ये पत्ता मोठ्याकडून लहानाकडे लिहितात, आधी प्रांत, मग शहर, मग वस्ती, शेवटी इमारत, आणि बहुतेक गल्ल्यांना नावंच नसतात. तिथे टॅक्सीवाले पुष्कळदा हॉटेलचा फोन नंबरच गाडीतल्या नकाशायंत्रात टाकतात, म्हणून तिथे तो चिठ्ठीत सगळ्यांत वर ठेवा.

सोबत म्हातारी माणसं आहेत. त्यांच्याकडे साधा फोन आहे.

त्यांच्यासाठी कागद. हॉटेलात पोचलात की रिसेप्शनवरून प्रत्येकासाठी एकेक कार्ड घ्या. कार्ड नसेल तर तिथल्या माणसाकडून कागदावर थाईत पत्ता लिहून घ्या. हाताने लिहिलेलं चालतं, पण अक्षर मोठं असू द्या. फोनची बॅटरी संपते, तो भिजतो, पडतो. कागदाचं तसं होत नाही.

कागदाची दुसरी बाजू मराठीत लिहा, ती घरच्या माणसासाठी. आईच्या कागदावर मी लिहिलं होतं: "आई, वाट चुकली तर चालत राहू नको. जवळच्या दुकानात जा, हा कागद दाखव आणि तिथेच बस. मी येतो." चौथ्या दिवशी कपड्यांच्या बाजारात, प्रतुनामला, गर्दीत तिचा हात सुटला. वीस मिनिटं ती दिसली नाही. मग हॉटेलच्या रिसेप्शनवरून मला फोन आला. एका फळवालीने कागदावरच्या नंबरावर फोन लावला होता. मी पोचलो तेव्हा आई तिच्या स्टुलावर बसून कापलेला पेरू खात होती आणि तो कागद घडी घालून पदराच्या टोकाला बांधलेला होता.